व्याख्या आणि आक्षेप एकाच अर्थावर आणायचे कसे? तत्त्वज्ञानाच्या निबंधाचं पुनर्लेखन, टप्प्याटप्प्याने

तत्त्वज्ञानाच्या निबंधांत एक चूक इतक्या वेळा दिसते की तिच्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवं. पहिल्या पानावर लेखक एखाद्या शब्दाची व्याख्या देतो, तिसऱ्या पानावर आक्षेप मांडतो आणि चौथ्या पानावर त्याला उत्तर देतो. शब्द तिन्ही ठिकाणी तोच असतो, पण आक्षेपातला अर्थ वेगळा असतो. त्यामुळे आक्षेप सिद्धान्ताला लागत नाही आणि उत्तर आक्षेपाला लागत नाही. परीक्षक समासात ‘मुद्दा सुटला’ एवढंच लिहितो आणि विद्यार्थी युक्तिवाद दुरुस्त करायला बसतो. खरं तर दुरुस्ती व्याख्येत हवी असते.

ती कशी करायची हे एकाच उदाहरणावर शेवटपर्यंत पाहू. विषय नेहमीचाच आहे: जे घडतं ते आधीच्या कारणांनीच ठरतं, हे नियतत्ववादाचं म्हणणं खरं असेल तर माणूस आपल्या कृतीला जबाबदार असतो का? निबंध दीड हजार शब्दांचा आहे आणि कच्चा मसुदा तयार आहे.

## तयारी: चार वाक्यं बाजूला काढा

पुनर्लेखन पूर्ण मसुद्यावर सुरू करू नका. आधी कोऱ्या कागदावर चारच वाक्यं उतरवा: व्याख्या, सिद्धान्त, सर्वांत जोरदार आक्षेप आणि त्याला दिलेलं उत्तर. शब्द न बदलता उतरवा. उतरवताना वाक्य सुधारायचा मोह होतो आणि त्यात नेमकी चूकच झाकली जाते.

आपल्या मसुद्यातली चार वाक्यं अशी आहेत:

व्याख्या: स्वातंत्र्य म्हणजे कोणाच्या जबरदस्तीशिवाय, आपल्या इच्छेप्रमाणे वागता येणे.

सिद्धान्त: नियतत्ववाद खरा असला तरी माणूस स्वतंत्र असू शकतो, आणि म्हणून तो आपल्या कृतीला जबाबदार असतो. पतसंस्थेतला कारकून खोटी पावती फाडून पैसे खिशात घालतो, तेव्हा तो स्वतंत्र असतो.

आक्षेप: नियतत्ववाद खरा असेल, तर त्या क्षणी कारकुनाला दुसरं काही करणं शक्यच नव्हतं. म्हणून तो स्वतंत्र नव्हता.

उत्तर: पण कारकुनावर कोणी जबरदस्ती केली नव्हती. म्हणून तो स्वतंत्रच होता.

वाचताना सगळं ठीक वाटतं. दोन बाजू आहेत, वाद आहे, उत्तरही आहे. म्हणूनच नुसतं वाचून ही चूक सापडत नाही.

## टप्पा 1: शब्दाच्या जागी व्याख्या ठेवून पाहा

ज्या ज्या वाक्यात ‘स्वतंत्र’ आलं आहे, तिथून तो शब्द काढा आणि त्या जागी तुमचीच व्याख्या जशीच्या तशी ठेवा. भाषा ओबडधोबड झाली तरी चालेल. सुरुवात आक्षेपापासून करा, सिद्धान्तापासून नको. सिद्धान्त लिहिताना व्याख्या तुमच्या डोक्यात ताजी होती, त्यामुळे तिथे ती बहुधा बसतेच. आक्षेप लिहिताना तुम्ही दुसऱ्याच्या तोंडून बोलत होता, आणि अर्थ सरकतो तो तिथे.

व्याख्या ठेवल्यावर आक्षेप असा होतो: ‘त्या क्षणी कारकुनाला दुसरं काही करणं शक्य नव्हतं. म्हणून तो जबरदस्तीशिवाय, आपल्या इच्छेप्रमाणे वागला नव्हता.’

हे कोणी म्हणणार नाही. कारकुनाला पैसे हवे होते, त्याने ते घेतले, कोणी धमकावलं नव्हतं. दुसरं काही शक्य नव्हतं एवढ्यावरून तो इच्छेविरुद्ध वागला असं ठरत नाही. आक्षेप घेणारा शहाणा माणूस आहे असं धरलं, तर त्याच्या मनात ‘स्वतंत्र’चा दुसरा अर्थ असणार. तो शोधून त्याच कागदावर लिहा. इथे तो असा आहे: आधी जे काही घडलं ते सगळं तसंच ठेवून आणि निसर्गनियमही तेच ठेवून, कारकुनाला वेगळं वागता आलं असतं का?

म्हणजे मसुद्यात एका शब्दाखाली दोन अर्थ आहेत. पहिला, जबरदस्ती नसताना इच्छेनुसार वागणं. दुसरा, पर्याय खुला असणं. व्याख्या, सिद्धान्त आणि उत्तर पहिल्या अर्थावर उभे आहेत, आक्षेप दुसऱ्यावर.

तपासणी: व्याख्या ठेवल्यावर आक्षेप हास्यास्पद वाटू लागला तर ‘आक्षेप कमकुवत आहे’ असा निष्कर्ष काढू नका. ज्या आक्षेपावर लोक शतकानुशतकं वाद घालत आले आहेत तो एका वाक्यात हास्यास्पद ठरत असेल, तर तुम्ही त्याला भलता अर्थ चिकटवला आहे.

न्यायदर्शनात या दोषाला छल म्हणतात, आणि त्यातला वाक्छल म्हणजे हुबेहूब हाच प्रकार. जुनं उदाहरण आहे: एकजण म्हणतो, ‘या मुलाची कांबळ नव आहे’, म्हणजे नवीन. दुसरा म्हणतो, ‘नऊ कुठे आहेत, एकच तर दिसते.’ तिथे प्रतिपक्षी मुद्दाम अर्थ फिरवतो. निबंधात अर्थ नकळत फिरतो आणि दोन्ही बाजू एकाच हातून लिहिलेल्या असतात, म्हणून तो सापडायला जास्त कठीण.

## टप्पा 2: कुठला अर्थ ठेवायचा ते ठरवा

इथे घाई करू नका. पुढचं सगळं लेखन या निर्णयावर ठरतं. वाटा तीन आहेत.

पहिली वाट: व्याख्येत पहिला अर्थच ठेवायचा. याचा परिणाम असा, की ‘कारकून स्वतंत्र होता’ हे विधान फारच सोपं होतं. नियतत्ववाद खरा असो वा नसो, माणसं आपल्या इच्छेप्रमाणे वागतात हे आक्षेपकही मान्य करेल. वादाची जागा मग पुढच्या शब्दावर जाते: ‘म्हणून जबाबदार’. इच्छेनुसार वागणं जबाबदारीला पुरतं का? निबंधाला आता याचं उत्तर द्यावं लागेल. मसुद्यात त्यावर एक ओळही नाही.

दुसरी वाट: व्याख्येत दुसरा अर्थ घ्यायचा. आधीची स्थिती आणि निसर्गनियम मिळून पुढची घटना एकच ठरवतात, हे तर नियतत्ववादाचं म्हणणंच आहे. मग तेच सगळं ठेवून दुसरी कृती शक्य होती असं म्हणता येत नाही. म्हणजे तुमचा सिद्धान्त व्याख्येनेच खोटा ठरतो. सिद्धान्त बदलायची तयारी असेल तरच या वाटेने जा.

तिसरी वाट: स्वातंत्र्याची व्याख्या त्याच्या कामावरून करायची: ‘जबाबदार ठरण्यासाठी कर्त्याचा आपल्या कृतीवर जेवढा ताबा असावा लागतो, तो ताबा म्हणजे स्वातंत्र्य.’ ही व्याख्या दोन्ही पक्षांना मान्य होते. तो ताबा इच्छेनुसार वागण्यात आहे की खुल्या पर्यायात, एवढाच वाद उरतो. मोठ्या प्रबंधाला हीच वाट चांगली. पण तिची एक किंमत आहे. ‘तो स्वतंत्र होता, म्हणून जबाबदारीसाठी लागणारा ताबा त्याच्याकडे होता’ हे वाक्य आता युक्तिवाद राहत नाही, कारण ती व्याख्येचीच पुनरुक्ती आहे.

दीड हजार शब्दांच्या निबंधासाठी मी पहिली वाट सुचवेन. तिच्यात सिद्धान्त टिकतो आणि वाद एकाच जागी गोळा होतो. पुढचे टप्पे त्याच वाटेने नेतो.

सावधान: ‘खरं स्वातंत्र्य म्हणजे’ अशी सुरुवात करून आक्षेप बाहेर राहील अशी व्याख्या करणं ही चौथी वाट नाही. ‘खरं स्वातंत्र्य म्हणजे इच्छेनुसार वागणं, पर्याय असणं हे खरं स्वातंत्र्यच नव्हे’ असं लिहिलंत, की जे सिद्ध करायचं तेच व्याख्येत कोंबलं जातं. व्याख्येत ‘खरं’, ‘वास्तविक’, ‘अर्थपूर्ण’ असं विशेषण आलं असेल तर ते खोडा आणि काय उरतं ते पाहा.

## टप्पा 3: व्याख्या लिहा, आणि आक्षेपकालाही शब्द द्या

सर्वांत जास्त चुकणारा टप्पा हा. अर्थ ठरवला की लोक आपली व्याख्या घट्ट करतात आणि तिथेच थांबतात. पण ‘स्वतंत्र’ हा शब्द तुम्ही पहिल्या अर्थासाठी राखून ठेवलात, तर आक्षेपकाला आपलं म्हणणं मांडायला शब्दच उरत नाही. मग आक्षेपाच्या परिच्छेदात तो पुन्हा ‘स्वतंत्र’च वापरतो आणि घोळ परत येतो. म्हणून जो अर्थ बाजूला ठेवला त्यालाही तिथेच नाव द्यायचं.

नवी व्याख्या अशी लिहिता येईल:

> या निबंधात ‘स्वतंत्र कृती’ म्हणजे जबरदस्ती नसताना, कर्त्याच्या स्वतःच्या इच्छेतून घडलेली कृती. घडून गेलेलं सगळं आणि निसर्गनियम तेच राहून कर्त्याला वेगळी कृती करता आली असती, तर त्याला ‘खुला पर्याय’ होता असं मी म्हणेन. कृती स्वतंत्र असूनही खुला पर्याय नसणं शक्य आहे. जबाबदारीला दोन्ही लागतात की स्वातंत्र्य पुरतं, हा या निबंधाचा प्रश्न आहे.

चारच वाक्यं आहेत. शेवटचं वाक्य गाळू नका. वाद कुठे होणार हे ते वाचकाला आधीच दाखवतं.

आता लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन जुने दोष तपासा. असंभव म्हणजे व्याख्या कशालाच लागू न होणं. तो इथे नाही, कारण अशा कृती रोज घडतात. अव्याप्ती म्हणजे जी कृती आत यायला हवी ती बाहेर राहणं. सवयीने, फारसा विचार न करता केलेली कृती ‘इच्छेतून’ घडली म्हणायची का? तुमची उदाहरणं सवयीची नसतील तर हा प्रश्न इथे सोडून देता येतो. अतिव्याप्ती म्हणजे नको ते आत येणं, आणि ती मात्र इथे नक्की आहे. व्यसन सोडायची मनापासून धडपड करणारा माणूस पुन्हा पेला उचलतो. कोणी जबरदस्ती केली नाही, इच्छाही त्याचीच आहे. व्याख्येप्रमाणे ही कृती स्वतंत्र ठरते, पण ती कारकुनाच्या कृतीसारखी आहे असं म्हणायला आपण कचरतो.

अमेरिकी तत्त्वज्ञ हॅरी फ्रँकफर्ट यांनी 1971 च्या एका लेखात यावर मार्ग सुचवला. माणसाला इच्छा असतात, आणि आपल्याला कुठल्या इच्छेने चालवावं याबद्दलही त्याची इच्छा असते. धडपडणाऱ्या व्यसनी माणसाला पिण्याच्या इच्छेने चालवलं, पण तिने आपल्याला चालवावं असं त्याला वाटत नव्हतं. तेव्हा व्याख्येत एक तुकडा जोडता येतो: ‘…आणि ज्या इच्छेतून कृती घडली, तिनेच आपल्याला चालवावं हे कर्त्याला मान्य होतं.’

तपासणी: जोडलेला तुकडा कारकुनाला लागू होतो का? आपण मसुद्यात त्याचं वर्णन ‘पैसे हवे होते’ एवढंच केलं होतं. आता त्या लोभाला त्याची संमती होती हेही लिहावं लागेल, नाहीतर तुमचं मुख्य उदाहरण तुमच्याच व्याख्येबाहेर पडेल. व्याख्येत एक शब्द जरी बदलला तरी टप्पा 1 पुन्हा करायचा.

## टप्पा 4: आक्षेप नव्या शब्दांत पुन्हा लिहा

जुन्या आक्षेपात शब्दांची अदलाबदल करून भागत नाही. तो नव्याने लिहा, आणि पहिल्या वाक्यात आक्षेपक काय मान्य करतो ते सांगा. पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडायची ही उत्तम सवय आहे. अर्थ तोच आहे का, याचीही तिथेच परीक्षा होते.

> कारकुनाची कृती स्वतंत्र होती हे मला मान्य आहे. पण नियतत्ववाद खरा असेल तर त्याला खुला पर्याय नव्हता. ज्याला खुला पर्याय नसतो त्याला दोष देणं योग्य नाही. म्हणून स्वातंत्र्य जबाबदारीला पुरत नाही.

आक्षेप आता नेमका तुमच्या सिद्धान्तातल्या ‘म्हणून जबाबदार’ या शब्दांवर येऊन आदळतो. कुठलं वाक्य नाकारायचं हेही स्पष्ट झालं: तिसरं. ‘जबरदस्ती नव्हती’ हे जुनं उत्तर इथे चालतच नाही, कारण तेवढं तर आक्षेपकाने पहिल्याच वाक्यात देऊन टाकलं आहे. जुनं उत्तर निरुपयोगी होणं हे पुनर्लेखन बरोबर झाल्याचं लक्षण आहे. आधीचं उत्तर एक शब्दही न बदलता बसत असेल, तर कुठेतरी जुना अर्थ अजून शिल्लक आहे.

## टप्पा 5: उत्तरातही अर्थ सरकत नाही ना ते पाहा

तिसरं वाक्य नाकारायला फ्रँकफर्ट यांचंच 1969 सालचं प्रसिद्ध उदाहरण वापरता येतं. आपल्या कारकुनावर ते असं बसेल. एका माणसाला ही चोरी व्हायला हवी आहे. कारकुनाच्या मनावर ताबा मिळवायची सोय त्याच्याकडे आहे आणि तो गुपचूप लक्ष ठेवून आहे. कारकून कचरतो आहे असं दिसलं तर तो ती वापरून चोरी करायला लावणार. पण कारकून कचरतच नाही. तो आपल्या मनाने पावती फाडतो आणि त्या माणसाला काहीच करावं लागत नाही. कारकुनाला चोरी टाळता आलीच नसती, तरी आपण त्याला दोष देतोच.

उत्तर जोरदार आहे. आता पुन्हा व्याख्या ठेवून पाहा. ‘खुला पर्याय’ म्हणजे सगळं तेच राहून वेगळी कृती करता येणं. या गोष्टीत चोरी टाळण्याचा पर्याय बंद आहे. पण कचरण्याचा पर्याय? तो खुला दिसतो, कारण ‘तो कचरला असता तर’ यावरच सगळी गोष्ट उभी आहे. आक्षेपक लगेच म्हणेल: आपण दोष देतो तो या छोट्या पर्यायामुळेच. आणि गोष्टीतल्या जगात नियतत्ववाद खरा आहे, म्हणून कचरणंही शक्य नव्हतं, असं धरलंत तर तो म्हणेल: मग अशा जगात दोष देणं योग्य आहे का, हाच तर आपला वाद आहे.

फ्रँकफर्ट यांच्या उदाहरणावर पुढे झालेली बरीचशी चर्चा या पेचाभोवतीच फिरली. तुमच्या निबंधाला तो सोडवावा लागत नाही. मात्र आक्षेपात ‘खुला पर्याय’ म्हणजे कुठलाही पर्याय आणि उत्तरात फक्त चोरी टाळण्याचा पर्याय, असं होऊ देऊ नका. उत्तराच्या आधी एक वाक्य घाला: ‘इथे मी एवढंच दाखवतो, की चोरी टाळण्याचा खुला पर्याय नसतानाही दोष योग्य ठरू शकतो. कचरण्याचा पर्याय तरी लागतो का, हा प्रश्न यानंतरही उरतो.’ दावा लहान होतो, पण जेवढा केला तेवढा आक्षेपाला लागतो.

सावधान: प्रमुख शब्द नेहमी नामच असतो असं नाही. या विषयावरचे निबंध सर्वांत जास्त घसरतात ते ‘शकणे’ या क्रियापदावर. ब्रिटिश तत्त्वज्ञ जी. ई. मूर यांनी 1912 मध्ये ‘तो वेगळं वागू शकला असता’ याचा एक अर्थ मांडला: त्याने तसं ठरवलं असतं तर तो तसं वागला असता. या अर्थाने कारकून चोरी टाळू ‘शकला असता’, नियतत्ववाद खरा असला तरी. आक्षेपकाचं ‘शकणं’ वेगळं आहे, ते सगळं तेच ठेवूनचं आहे. मसुद्यात ‘शकतो’, ‘शक्य’, ‘टाळता आलं असतं’ हे शब्द शोधा आणि प्रत्येकापुढे पेन्सिलीने लिहा: ठरवलं असतं तर, की सगळं तेच राहून?

## टप्पा 6: उरलेल्या शब्दांवरून एकदा हात फिरवा

एक व्याख्या दुरुस्त झाली की बाकीच्या शब्दांचे सांधे उघडे पडतात. इथे ‘नियतत्ववाद’ तपासायलाच हवा. बहुतेक मसुद्यांत त्याची व्याख्या ‘सगळं आधीच ठरलेलं असतं’ एवढीच असते, आणि मग एक जादा आक्षेप येतो: ‘असं असेल तर प्रयत्न कशाला? पास होणं ठरलेलंच असेल तर अभ्यास न करताही होऊ.’

हा आक्षेप दैववादावर आहे. तुम्ही काहीही केलं तरी शेवट तोच, हे दैववाद सांगतो. नियतत्ववाद सांगतो की शेवट कारणांनी ठरतो, आणि तुमचा अभ्यास हे त्यातलंच एक कारण आहे. प्राचीन ग्रीसमध्ये स्टोइक तत्त्वज्ञ ख्रिसिपसने अशाच आळशी युक्तिवादाला उत्तर दिलं होतं: रोग्याचं बरं होणं ठरलेलं असेल, तर वैद्याला बोलावणंही त्याच्याबरोबरच ठरलेलं आहे.

व्याख्या अशी बदला: ‘जगाची कुठल्याही क्षणीची संपूर्ण स्थिती आणि निसर्गनियम मिळून पुढची प्रत्येक घटना निश्चित करतात, हे मत म्हणजे नियतत्ववाद.’ ती ठेवल्यावर जादा आक्षेप आपोआप गळतो. मग तो परिच्छेद काढून टाका. त्यामुळे शिल्लक राहिलेले शब्द टप्पा 5 मधल्या उत्तराला द्या.

‘जबाबदार’ या शब्दाला एकच वाक्य पुरे: इथे तो दोष किंवा श्रेय देणं योग्य असण्याच्या अर्थाने आहे, भरपाई द्यावी लागण्याच्या कायदेशीर अर्थाने नाही.

## टप्पा 7: शेवटची तपासणी उलट्या क्रमाने

पूर्ण निबंध शेवटच्या परिच्छेदापासून पहिल्याकडे वाचा. सरळ वाचताना संदर्भ अर्थ भरून काढतो आणि घसरण दिसत नाही. निष्कर्षात ‘म्हणून माणूस स्वतंत्र आहे’ असं वाक्य राहिलं असेल तर ते जुन्या मसुद्यातलं आहे. नव्या निबंधाने ते सिद्ध केलेलं नाही, ते तर गृहीतच धरलं. नवा निष्कर्ष असा हवा: ‘चोरी टाळण्याचा खुला पर्याय नव्हता एवढ्यावरून कारकून दोषमुक्त होत नाही.’

मग आक्षेपाचा परिच्छेद आणि व्याख्येचा परिच्छेद एवढेच दोन, विषय माहीत असलेल्या मित्राला द्या. तुमचं उत्तर देऊ नका. त्याला विचारा: आक्षेप व्याख्येतल्या किंवा प्रश्नाच्या वाक्यातल्या कुठल्या शब्दाला लागतो? त्याने ‘स्वातंत्र्य पुरतं’ या शब्दांवर बोट ठेवलं तर काम झालं. तो ‘स्वातंत्र्य म्हणजे नक्की काय म्हणतोस?’ असं विचारू लागला, तर पुन्हा टप्पा 3 वर जा.